ताल, सम, अलेग्रो, क्रेसेंडो : भजनी मंडळ आणि क्वायर एकत्र वाजवतात तेव्हा वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ले, मालवण, सावंतवाडी या पट्ट्यात भजनी मंडळं आणि चर्चचे क्वायर पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या शेजारी आहेत, पण एका मंचावर क्वचित बसतात. बसतात तेव्हा स्वराची अडचण फारशी येत नाही. पेटीवर एक पट्टी ठरली की काम भागतं. खटके उडतात ते लयीच्या शब्दांवरून. मी पेटीवाला असल्यामुळे दोन्हीकडच्यांच्या मध्ये बसतो आणि दोन्हीकडचे प्रश्न माझ्याकडेच येतात. त्यातले नेहमीचे इथे घेतले आहेत. त्रितालाचाच हिशेब सगळीकडे धरला आहे, म्हणजे डोक्यात गोंधळ होणार नाही.

सम म्हणजेच व्हायोलिनवाल्यांचा ‘वन’ ना?

मोजायला बसलं तर हो. दोन्ही पहिलीच मात्रा. पण त्यांचा ‘वन’ दर बारला येतो, म्हणजे चार-चारच्या मापात दर चार ठोक्यांनी. आपली सम त्रितालात सोळा मात्रांनी एकदा येते. म्हणजे एका आवर्तनात त्यांचे चार ‘वन’ होऊन जातात आणि त्यातला एकच आपली सम असतो. बाकीचे तीन आपल्या हिशेबात पाचवी मात्रा, नववी मात्रा (म्हणजे काल, खाली) आणि तेरावी मात्रा.

तालमीत पखवाजवाल्या बुवांनी विचारलं, “सम खंय इली?” आणि क्वायरच्या मास्तरांनी “हो काय, वन” म्हणून बोट दाखवलं, तर ते खोटं बोलत नसतात. फक्त चारपैकी कुठला वन, हे त्यांना विचारायचं सुचलेलं नसतं, कारण त्यांच्या कागदावर चारही बार सारखेच दिसतात.

दुसरा फरक कानाचा आहे. आपला गायक समेकडे येतो. ऐकणाराही तिची वाट बघत असतो, आली की मान हलते. बारचा पहिला ठोका कंडक्टर हात खाली आणून दाखवतो, तिथून पुढचा बार मोजला जातो. पण त्यांच्याकडे ‘येणं’ नाहीच असं समजू नका. चार किंवा आठ बारच्या वाक्याचा शेवट जिथे टेकतो ती जागा त्यांच्याकडे फार महत्त्वाची असते. तिला ते केडन्स म्हणतात. समेशी जुळणी करायची तर ‘वन’शी करण्यापेक्षा या केडन्सशी करावी. पुढे हिशेब दिला आहे तो याच गोष्टीचा.

सम सगळ्यात जोरात वाजते, मग व्हायोलिनवाल्याला ऐकून कळत कशी नाही?

कारण ती सगळ्यात जोरात वाजतेच असं नाही. रूपक घ्या. सात मात्रा, तीन-दोन-दोन. तीं तीं ना, धी ना, धी ना. तिथे समेवरच खाली आहे, डग्गा गप्प. सात ठोक्यांचं माप वाजवायची सवय असलेला पाश्चात्त्य वादक पहिल्या ठोक्यावर वजन शोधतो. त्याला घुमारा सापडतो चौथ्या मात्रेवर, आणि तो तिथून एक मोजायला लागतो.

त्रितालातही हा सापळा आहे, जरा लपलेला. ठेका असा :

धा धिं धिं धा । धा धिं धिं धा । धा तिं तिं ता । ता धिं धिं धा

काल नवव्या मात्रेवर दाखवतात, पण डग्गा प्रत्यक्षात दहाव्या मात्रेपासून तेराव्यापर्यंत बंद असतो. तो परत घुमतो चौदाव्यावर. ज्याला ठेका पाठ नाही त्याच्या कानाला सर्वांत ठळक घटना म्हणजे हा घुमारा परत येणं. तो चौदाव्या मात्रेला ‘वन’ धरतो, आणि तुमची सम त्याच्या हिशेबी चौथ्या ठोक्यावर पडते. कुणी तरी सतत एक ठोका मागे वाटतंय अशी तक्रार तालमीत आली, तर आधी हेच तपासावं. उपाय सोपा आहे : त्याला तबला ऐकायला न लावता हातावर टाळी-खाली द्यायला लावा. दहा-बारा आवर्तनांत घुमाऱ्याची भुरळ जाते.

क्वायरची आठ बारची चाल आहे. आठ बार म्हणजे बत्तीस मात्रा, दोन आवर्तनं बरोबर बसतात. तरी शेवट अधांतरी का वाटतो?

हा प्रश्न दर नाताळाला येतो, म्हणून जरा सविस्तर.

पुष्कळशा चालींत पहिल्या बारच्या आधी एक सुटा स्वर असतो. त्याला अपबीट म्हणतात. तो एक ठोका शेवटच्या बारमधून वळता करतात, म्हणून आठवा बार तीनच ठोक्यांचा राहतो. त्या आठव्या बारच्या पहिल्या ठोक्यावर चाल टेकते आणि तीन ठोके लांबते.

आता तबलजीने सरळ विचार केला : पहिला बार म्हणजे सम. मग बार असे पडतात : पहिला बार मात्रा एकवर, दुसरा पाचवर, तिसरा नऊवर, चौथा तेरावर. पुढच्या आवर्तनात पुन्हा तसंच, म्हणजे आठवा बार तेराव्या मात्रेवर. व्हायोलिनची चाल तेराव्या मात्रेवर टेकून संपली, आणि तबला अजून समेच्या वाटेवरच आहे. तबलजी पुढे जाऊन सम गाठतो तेव्हा बाकीच्यांनी वाद्यं खाली ठेवलेली असतात. बत्तीसचा हिशेब बरोबर असतो, चुकलेली असते ती सुरुवातीची जागा.

यावर उपाय असा की पहिला बार समेवर न ठेवता पाचव्या मात्रेवर ठेवायचा. मग पहिला बार पाचवर, दुसरा नऊवर, तिसरा तेरावर आणि चौथा समेवर. पुढच्या आवर्तनात पाचवा पाचवर, सहावा नऊवर, सातवा तेरावर आणि आठवा पुन्हा समेवर. चौथ्या बारला चाल अर्धी टेकते, आठव्याला पुरी टेकते, आणि दोन्ही ठिकाणी सम मिळते. चाल पुन्हा घेतली तरी जागा बिघडत नाही.

प्रत्यक्षात करायचं एवढंच : तबलजीने समेपासून ठेका धरायचा. चौथ्या मात्रेवर व्हायोलिनने आपला सुटा स्वर टाकायचा. पाचव्या मात्रेला पहिला बार. आपल्या मंडळींना हे पटकन कळतं, कारण द्रुत बंदिशींचा मुखडा आपण नवव्या मात्रेपासून उचलतोच की. सुरुवात समेवर हवी असा आपला आग्रह कधीच नसतो. चौथ्या बारपर्यंतचं सगळं तबलजीने लांब मुखडा समजून घ्यावं, काम होतं.

मात्र चाल खरोखरच आठ बारांच्या वाक्यांत असली तरच हे चालतं. सहा किंवा दहा बारांचं वाक्य असेल तर दुसऱ्या फेरीत सम दुसरीकडे सरकते. अशा वेळी त्रितालाचा हट्ट सोडून चार किंवा आठ मात्रांचा ठेका धरलेला बरा.

याच चालीच्या शेवटी तिहाई टाकायची आहे. जमेल का?

जमेल. वरच्या मांडणीत सहावा बार नवव्या मात्रेवर आहे. तिथून तीन मात्रांचा तुकडा तीनदा घ्या, मधे दम न ठेवता : तिट कत धा, तिट कत धा, तिट कत धा. पहिला धा अकराव्या मात्रेवर, दुसरा चौदाव्यावर, तिसरा समेवर. व्हायोलिनवाल्यांच्या कागदावर याच जागा म्हणजे सहाव्या बारचा तिसरा ठोका, सातव्या बारचा दुसरा ठोका आणि आठव्या बारचा पहिला.

त्यांची अडचण होते ती अशी की दुसऱ्या धापर्यंत त्यांच्या कानाने तीन-तीनचं माप पकडलेलं असतं. मग ते आपली चालही तीनात ओढायला लागतात. त्यांना तिहाई समजावून सांगण्याच्या भानगडीत पडू नका. फक्त सांगा, सहाव्या आणि सातव्या बारला तबल्याकडे लक्ष देऊ नका, आपले चार-चार मोजत राहा, आठव्याला आपण भेटतो. शेवटचा धा वाजला की तबला थांबेल, स्वर मात्र त्यांनी तीन ठोके धरून ठेवायचा. तबल्याबरोबर तेही पट्कन थांबले तर चाल तोडल्यासारखी वाटते.

मुखडा म्हणजे अपबीट का?

जवळचा नातेवाईक. दोन्ही जड जागेकडे नेणारे. अपबीट बहुधा एखाद-दुसऱ्या ठोक्याचा, मुखडा अर्ध्या आवर्तनाचाही असू शकतो, आणि मुखडा पुन्हा पुन्हा परत येतो.

तबलजींना हे पटवायला बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीची सुरुवात ऐकवावी. तीन आखूड स्वर आणि एक लांब, सगळ्यांनी कुठे ना कुठे ऐकलेली आहे. ऐकताना वाटतं पहिला आखूड स्वर म्हणजे ‘वन’. कागदावर मात्र पहिल्या ठोक्यावर छोटी विश्रांती आहे, तीन आखूड स्वर तिच्यानंतर येतात आणि लांब स्वर पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्यावर पडतो. तबलजीच्या भाषेत ते तीन स्वर मुखडा आणि लांब स्वर सम.

अलेग्रो म्हणजे द्रुत लय, बरोबर?

इथे घाई करू नये. अलेग्रो या इटालियन शब्दाचा मूळ अर्थ आनंदी, उल्हसित. तो वेगाबरोबर वृत्तीही सांगतो. मेट्रोनोमवर त्याची जागा साधारण मिनिटाला १२० ठोक्यांपासून पुढे छापलेली असते, पण माएल्झेलने मेट्रोनोमचं पेटंट घेतलं १८१५ साली. त्याआधी कितीतरी वर्षं हा शब्द आकड्याशिवायच चालला होता. आपली द्रुत ही विलंबित आणि मध्य यांच्या तुलनेत द्रुत. तिला ठरलेला आकडा नाही, आणि ती मूड सांगत नाही. करुण रागातही द्रुत बंदीश असते.

तालमीत खरा घोळ होतो तो आकड्यावरून. समजा मास्तर म्हणाले अलेग्रो, १२०. तबलजीने विचारायचा प्रश्न असा : एक मात्रा म्हणजे तुमचा कुठला स्वर? मात्रा म्हणजे क्रोचेट, म्हणजे चार-चारच्या मापातला एक ठोका, धरला, तर सोळा मात्रांचं आवर्तन आठ सेकंदांचं होतं. ही आपल्या कानाला आरामशीर मध्य लय. मात्रा म्हणजे क्वेव्हर, म्हणजे त्याचा अर्धा, धरली तर मिनिटाला २४० मात्रा होतात, आवर्तन चार सेकंदांत संपतं आणि ती खरी द्रुत. व्हायोलिन दोन्ही वेळा अगदी तेच वाजवत असतं. पहिल्या हिशेबात आवर्तनात चार बार बसतात, दुसऱ्यात दोनच. म्हणजे केडन्सची वरची सगळी मांडणी बदलते. वेग ठरवण्याआधी मात्रा ठरवा.

आणि कुणी ‘दुगुन घ्या’ म्हटलं की क्वायरवाले मेट्रोनोम दुप्पट करतात. दुगुनीत लय तीच राहते, एका मात्रेत दोन अक्षरं बसतात. हे तेवढं हाताने टाळी देऊन दाखवा, तोंडाने सांगून कळत नाही.

विलंबित म्हणजे अदाजिओ?

नाही. अदाजिओ ही त्यांची संथ लय, पण आपली विलंबित त्याहून कितीतरी संथ. विलंबित एकतालात एक मात्रा चार सेकंदांची धरली तर बारा मात्रांचं आवर्तन ४८ सेकंदांचं, म्हणजे मिनिटाला पंधरा मात्रा. नेहमीचा मेट्रोनोम चाळीसच्या खाली जातच नाही. पाश्चात्त्य वादकाला सांगायचं तर मात्रेचे चार भाग करून मिनिटाला साठ ठोके सांगा. तबलजीसुद्धा मात्रा भरून काढताना मनात तसंच काही तरी धरून असतो.

क्रेसेंडोला आपला शब्द काय?

आवाज हळूहळू वाढवत नेणं, एवढाच क्रेसेंडोचा अर्थ. कागदावर डावीकडे मिटलेल्या आणि उजवीकडे उघडत जाणाऱ्या दोन रेघांची खूण असते. वर्तमानपत्रात ‘उत्साहाने क्रेसेंडो गाठला’ असं छापून येतं, पण क्रेसेंडो गाठायची जागा नसते. तो चढ आहे, माथा नाही.

आपल्या शास्त्रीय परंपरेत आवाजाच्या अशा चढाला बिनचूक एक शब्द मला सापडलेला नाही. ‘बढत’ जवळचा वाटतो, पण तो नव्हे. बढत म्हणजे रागाचा विस्तार, स्वर एकेक करत उलगडत नेणं. त्यात आवाज वाढेलच असं नाही. आपल्याकडे ताण वाढवायची साधनं वेगळी : लय वाढवणं, मात्रेत जास्त अक्षरं भरणं, तार सप्तकाकडे जाणं. सतारीचा झाला ऐका, किंवा आपल्या भजनातला गजर. गजरात लय चढते, टाळ दाटतात, आवाज वाढतो, सगळं एकदम. दशावतारात युद्धाच्या प्रसंगाला पखवाज आणि झांज हेच करतात. आपल्या अंगात आवाज आणि लय यांची जोडीच बसलेली आहे.

आणि नेमकं तिथेच बिनसतं. मास्तर म्हणतात “क्रेसेंडो”, पखवाजवाले बुवा मान डोलवतात आणि चौथ्या बारपर्यंत लयही चढवून मोकळे होतात. गाणाऱ्यांना श्वास पुरत नाही. मास्तरांना वाटतं बुवा ऐकत नाहीत, बुवांना वाटतं मास्तरांनीच चढवायला सांगितलं. पाश्चात्त्य पद्धतीत लय वाढवण्याला वेगळा शब्द आहे, अक्सेलरांडो. दोन्ही हवं असेल तर दोन्ही लिहितात. खरं सांगायचं तर आवाज वाढला की लय पळणं ही त्यांच्या नवशिक्यांचीही जुनी खोड आहे. त्यांचे शिक्षक त्यावरून ओरडतच असतात.

लय न हलवता चढ कसा होतो हे ऐकायचं असेल तर राव्हेलचं १९२८ सालचं ‘बोलेरो’ लावा. जवळपास पंधरा मिनिटं एकच चढ. एक छोटा ड्रम दोन बारचा एकच नमुना सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवत राहतो, अगदी ठेक्यासारखा. तीन-तीनचे दोन बार, म्हणजे सहा मात्रा. लय तीच, वाद्यं वाढत जातात. तबलजींना मी नेहमी सांगतो, त्या ड्रमवाल्याची जागा तुमची आहे, बाकीच्यांना चढू द्या. एका बुवांनी ते ऐकून विचारलं होतं, “पंधरा मिनिटां ह्यां वाजवतलो तो माणूस झोपणा नाय?” झोपत नाही, पण घामाघूम नक्की होतो.

आमच्या वाद्यांवर क्रेसेंडो होतो तरी का?

पेटीवर छान होतो, पियानोपेक्षा बरा. पियानोचा स्वर दाबल्यावर विरतच जातो. पेटीचा स्वर भात्याच्या दाबाने धरून ठेवता येतो आणि फुगवताही येतो. मात्र एकदम जोर दिला तर पात हेलकावतं आणि स्वर किंचित सरकतो. चार बारचा चढ असेल तर पहिले दोन बार भाता अगदी अर्धवट चालवा, म्हणजे पुढे जागा राहते. तबल्यावर हाताच्या वजनाने होतो, पण ठेक्याचे बोल न वाढवता फक्त वजन वाढवायचं हे मुद्दाम घोटावं लागतं. टाळांचा आवाज कमी ठेवणं कठीण. चढाच्या सुरुवातीला निम्म्या टाळकऱ्यांनी हात थांबवावेत आणि दोन-दोन बारांनी एकेकाने भर घालावी.

खरा शत्रू बहुतेक वेळा साऊंडवाला असतो. क्वायर हळू सुरुवात करतो, त्याला वाटतं आवाज पोचत नाही, तो बटण वर करतो. मग आवाज वाढायला लागला की शिट्टी येईल म्हणून खाली घेतो. मंचावर चढ झाला, मंडपात सपाट ऐकू आला. रंगीत तालमीत त्याला समोर बसवा आणि त्या आठ बारांत बटणाला हात लावायचा नाही असं सांगा.

शेवटी ते लोक लय हळू करतात आणि तबला पुढे निघून जातो.

त्याला रिटार्डांडो म्हणतात, आणि आपल्याकडे शेवट बहुधा चढ्या लयीत तिहाईने होतो, म्हणून हात त्याला तयार नसतो. तिहाई आणि रिटार्डांडो दोन्ही एकत्र नको. मात्रा सारख्या राहिल्या तरच तिहाई कानाला कळते. एकतर तिहाई घ्या आणि लय सरळ ठेवा, नाहीतर सातव्या बारला ठेका सोडा, क्वायरला हवं तसं रेंगाळू द्या आणि शेवटच्या स्वरावर कंडक्टरच्या हाताकडे बघून एकच धा द्या.

कर्नाटक पद्धतीचा मृदंग असेल तर हेच शब्द चालतील ना?

सावधपणे. त्यांच्याकडे द्रुतम् म्हणजे तालाच्या रचनेतला दोन अक्षरांचा एक घटक. वेगाशी त्याचा संबंध नाही. आदि तालात चारचा लघु आणि दोन-दोनचे दोन द्रुतम्, मिळून आठ. रूपक आपला सात मात्रांचा, त्यांचा सहाचा. सम आहे, तिला समम् म्हणतात. पण हात उलटा करून दाखवायची खूण असली तरी आपल्यासारखी डग्गा बंद करणारी खाली नाही.

मग तालमीच्या कागदावर लिहायचं काय?

बार क्रमांक डावीकडे, त्याच ओळीत मात्रा क्रमांक उजवीकडे. सम आहे त्या बारवर फुली. वर एका कोपऱ्यात मात्रा म्हणजे क्रोचेट की क्वेव्हर, आणि मिनिटाला किती. चढ असेल त्या बारांखाली उघडत्या रेघा आणि शेजारी ‘लय तीच’ असे दोन शब्द. समेची खूण कोण देणार त्याचं नाव. दोघांनी दिली की दोन समा होतात, म्हणून एकच नाव.